फक्त पान तीन पाहावे

विषय : इयत्ता सातवी, भाषा चाचणी, प्रश्न चार (आ) च्या गुणांची फेरतपासणी होणेबाबत.
संदर्भ : विद्यार्थिनीचा अर्ज, आवक क्रमांक एकशे चौदा.
सोबत : वही एक.

वरच्या तीन ओळींतली शेवटची ओळ म्हणजे मी. शाळेच्या ऑफिसातल्या हिरव्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, फीत बांधलेल्या फायलीत मी बोलतेय. शहाण्णव पानी, एकेरी रेघांची, निळ्या पुठ्ठ्याची. माझ्यावर अर्ज, माझ्याखाली उत्तरपत्रिका. माणसांची बढती होते तशी मीही वहीवरून 'पुरावा' झाले. पगार वाढला नाही, बोलायची मात्र बंदी आली. म्हणून इथेच बोलून घेते.

जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एका यंत्राने मला कापलं, दुसऱ्याने मधोमध दोन टाचण्या मारल्या आणि तिसऱ्याने कोपरे गोल केले. दुकानात मी अशाच चोवीस बहिणींच्या गठ्ठ्यात होते. एके दिवशी एका बाईने मला उचललं. तिच्या बोटांची टोकं गरम पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती. तिने पानं फरकन चाळून विचारलं, "शाई फुटत नाही ना?" दुकानदार म्हणाला, "लिहिणारा चांगला असला तर नाही फुटत." असल्या विनोदाला गिऱ्हाईक हसतं. ती हसली नाही. तिने दुसरी वही मागितली, दोन्हींवर ओल्या बोटाचा ठसा उमटवून पाहिला आणि मला घेतलं.

ती आमच्या मुलीची आई. मुलगी बारा वर्षांची. घर दुसऱ्या मुलखातलं, भाषा दुसरी, आणि शाळेत येऊन आता तीन महिने झाले तरी वर्गात तिचं नाव 'नवी'. पुढे कितीही वर्षं गेली तरी काही माणसं नवीच राहतात. तो हुद्दा आहे, वय नव्हे.

मी विकत घेतली गेले ती भाषेच्या बाईंच्या हुकमावरून. बाहेरून आलेल्या मुलांनी इथल्या भाषेत रोज एक पान लिहायचं. बाईंनी माझ्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं : 'एकूण पाने ९६. एकही पान फाडू नये.' खाली सही. मग म्हणाल्या, "मनात येईल ते लिही. मी वाचणार नाही, शुक्रवारी फक्त पानं मोजणार." मुलीने मान डोलावली. मोठ्या माणसांच्या आश्वासनांना मुदत असते हे तिला अजून कळायचं होतं.

तिने दुसऱ्या पानापासून सुरुवात केली. तिसऱ्या पानावर जे आहे ते मला तोंडपाठ आहे, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं :

'आज मी फाटकापाशी सगळ्यांच्या आधी आले. वॉचमनने अजून साखळी काढली नव्हती. घंटा झाली तरी मी पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिले. काल मी तीन बाकांवर बसले. तिन्ही कुणाचे तरी होते. सगळे आत गेल्यावर मी दप्तर पोटाशी धरलं आणि गेले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, रोज उशीर. मी काही बोलले नाही. बसल्यावर बाकाच्या कडेवर मी नखाने एक रेघ ओढली. ती अजून आहे.'

शाळेचा तो दुसरा दिवस. दुसऱ्याच दिवशी 'रोज' म्हणायला अनुभव लागतो. बाईंना अठरा वर्षांचा होता.

अशी पानं भरत गेली. एकविसाव्या पानावर तिने जे लिहिलं ते मात्र लिहायला नको होतं. मी वही, मला कुणाचा हात धरता येत नाही.

'आज बाबांनी फॉर्मवरचा पत्ता पुन्हा पाठ करून घेतला. काकांचं घर, तिसरा मजला. आम्ही तिथे कधीच राहिलो नाही. आम्ही कपडे धुण्याच्या कारखान्यामागच्या खोलीत राहतो. कुणी विचारलं तर तिसरा मजला म्हणायचं.'

या शाळेत ठरावीक रस्त्यांवर राहणाऱ्यांच्याच मुलांना प्रवेश मिळतो. कारखाना त्या रस्त्यांच्या पलीकडे आहे, फक्त एक चौक पलीकडे. मुलीचे बाबा तिथे मोठ्या इस्त्रीच्या यंत्रावर, आई चादरी धुते, घड्या घालते. दुसरी शाळा तासाभराच्या अंतरावर, आणि तिथे बाहेरच्या भाषेच्या मुलांना घेतच नाहीत. म्हणजे चौकाच्या अलीकडे शाळा आणि पलीकडे चादरी.

चाचणी जवळ आली तसा मुख्याध्यापकांनी नव्या मुलांचा नियम वाचून दाखवला. भाषेत चाळीसपैकी वीस मिळाले तर वयाप्रमाणे वर्ग. वीसला एक गुण जरी कमी पडला तरी दोन वर्ग खाली. दोन वर्ग खाली म्हणजे पाचवी, आणि पाचवीत तिची धाकटी बहीण. धाकटीने त्या संध्याकाळी अगदी मायेने विचारलं, "ताई, माझ्या बाकावर तुझी जागा धरून ठेवू?" तिला धपाटा मिळाला. तो धपाटा बाविसाव्या पानावर नोंदलेला आहे.

त्या शुक्रवारी बाईंनी मला पानं मोजायला घरी नेलं आणि वाचलं. आधी तिसरं पान, मग पुन्हा तिसरं पान; पुढची नुसती मोजली. त्यांचा चेहरा मऊ झाला. मला वाटलं, आता सोमवारी तिला बोलावून विचारतील, 'तू टाकीपाशी का थांबतेस गं?' पण त्या हाडाच्या शिक्षिका. त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्यावर तीन गुणांचा प्रश्न काढला.

उतारा पन्नास शब्दांचा असावा असा नियम. पेन्सिलीचं टोक एकेका शब्दावर टेकवत त्यांनी मोजलं. एकोणसाठ. नऊ शब्द जास्त. बाई पुन्हा वरपासून वाचू लागल्या. वॉचमनची साखळी गाळली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण साखळीने 'वातावरण' येतं. त्यांची पेन्सिल खाली सरकली आणि दोन छोट्या वाक्यांभोवती हलकासा कंस झाला : 'काल मी तीन बाकांवर बसले. तिन्ही कुणाचे तरी होते.' मोजा हवं तर. बरोब्बर नऊ.

वर त्यांनी लिहिलं, 'एका नव्या विद्यार्थिनीची रोजनिशी.' नाव काढलं. नाव काढून टाकलं की दुसऱ्याचं आयुष्य आपलं होतं असा समज सुशिक्षितांत फार आहे.

चाचणीच्या दिवशी सगळी दप्तरं वर्गाच्या मागे भिंतीशी होती आणि मी दप्तरात. त्यामुळे पेपर हातात पडल्यावर मुलीचा चेहरा कसा झाला ते मला माहीत नाही. ऐकू आलं ते एवढंच, की पेपर वाटून झाल्यावर बराच वेळ एका पेनाचं टोपण उघडल्याचा आवाजच आला नाही. बाई म्हणाल्या, "काय गं नवी, सुरुवात कर." मग टोपण वाजलं.

सुटल्यावर सगळे दप्तरांपाशी आले. मुलीच्या शेजारी बसणारी मुलगी, जिला वर्ग 'रेडिओ' म्हणतो, चालू झाली होती.

"चार नंबरच्या उताऱ्यातली पोरगी कसली आळशी! सगळ्यांच्या आधी येऊन टाकीपाशी काय उभी राहते? मी लिहिलं, आळस."

"आधार काय लिहिलास?" आमच्या मुलीने विचारलं. आवाज अगदी सपाट.

"'उभी राहिले' हाच आधार. आळशी माणसं उभीच राहतात, माझा मामा बघ. तू काय लिहिलंस?"

"काहीतरी."

"अगं पण ती आहे कोण? सहावीतली ती जाड चष्मेवाली असणार. मी उद्या विचारतेच तिला."

"नको विचारूस."

"का?"

मुलीने दप्तराची चेन इतक्या जोरात ओढली की माझा एक कोपरा तिच्यात अडकला. तो कोपरा अजून वाकडा आहे.

त्या प्रश्नाची उत्तरं मला पुढे उत्तरपत्रिकेकडून कळली. ती माझ्या खालीच असते. फायलीत शेजारधर्म पाळावाच लागतो. प्रश्न असा होता :

'चार (अ) बाकावर बसताना लेखिकेच्या मनात कोणती भावना असेल? भावनेचे नाव उताऱ्यात नाही. ओळखा व आधाराचे शब्द लिहा. गुण दोन.

चार (आ) सर्वांत आधी येऊनही ती वर्गात सर्वांत शेवटी का जाते? कारण उताऱ्यात सांगितलेले नाही. उताऱ्यातील खुणेवरून ओळखा. गुण तीन.'

असले प्रश्न दिसतात तसे सोपे नसतात. मनाला येईल ते लिहून चालत नाही आणि उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवूनही चालत नाही. लिहिणाऱ्याने सांगितलं नाही ते ओळखायचं, पण त्याने मागे जी खूण सोडली असेल तिला बोट लावूनच. खूण नसेल तर उत्तर कितीही खरं असलं तरी ती कल्पना. रेडिओने मामावरून उत्तर काढलं, तिला शून्य मिळालं. मामा उताऱ्यात नव्हता.

बाईंच्या उत्तरसूचीत (अ) चं उत्तर होतं 'भीती', आधार 'दप्तर पोटाशी धरलं'. आमच्या मुलीने लिहिलं : 'राग. आधार : नखाने रेघ ओढली.' बाईंनी तिथे लाल पेन बराच वेळ टेकवून ठेवलेला दिसतो, शाईचा ठिपका मोठा आहे. मग लिहिलं, 'सूचीत नाही, पण आधार आहे.' दोनपैकी दोन. इथे मी बाईंना मनापासून मानते. सूचीबाहेरच्या उत्तराला पूर्ण गुण द्यायला छाती लागते.

(आ) ला सूची म्हणत होती : 'सगळे आपल्याकडे बघतील म्हणून संकोच. खूण : सगळ्यांनी पाहिलं.' मुलीने लिहिलं : 'वर्गात तिची जागा नाही. आधी बसली तर जागेचा मालक उठवतो. सगळे बसले की जी उरते ती तिची. खूण : तीन बाक.'

बाईंचा शेरा : 'उताऱ्यात बाक एकच आहे. आधार नाही.' तीनपैकी शून्य.

आणि छापील उताऱ्यात बाक एकच होता हे खरंच. तिने उतारा वाचलाच नव्हता. आपलं पान कोण कशाला वाचेल? पहिली ओळ ओळखली आणि बाकीचं आठवून लिहिलं. शब्द तिचे, दिवस तिचा, बाक तिचे. आणि नियमाप्रमाणे उत्तर चूक.

बेरीज अठरा.

रविवारी दुपारी कारखाना बंद असतो. मागच्या खोलीत मला चादरींच्या गठ्ठ्यावर उघडून ठेवलं होतं आणि चौघं माझ्याभोवती बसली होती. मी एवढी माणसं एकदम कधी पाहिली नव्हती.

"फेरतपासणीचा अर्ज सात दिवसांत करायचा असतो," मुलगी म्हणाली. "मूळ पान दाखवलं तर त्यांना कळेल, ती ओळ होती."

"आणि एकविसावं पान दाखवलं तर?" बाबा म्हणाले. "ऑफिसात प्रवेशाचं रजिस्टर ज्या माणसाकडे असतं, अर्ज घेणाराही तोच. पोरी, पाचवीत बसलीस तर निदान शाळेत बसशील. पत्ता कळला तर दोघीही बाहेर."

"म्हणजे उत्तर बरोबर असून खाली बसायचं?" आईने विचारलं.

"बरोबर असून खाली बसायची मला सवय आहे. तिथे मी शिकवत होतो, इथे इस्त्री करतो. मेलो का?"

बाबांनी एकविसावं पान चिमटीत धरलं. मी ताठ झाले.

"फाडू नका," मुलगी ओरडली. "पहिल्या पानावर बाईंची सही आहे. शहाण्णव पानं."

"शिवाय एक फाडलं तर त्याच्या जोडीचं सुटून पडतं," आई म्हणाली. तिला टाचणीची वही कळत होती. माझ्यावर उगाच बोट नव्हतं उमटवलं तिने.

मग बाबांना युक्ती सुचली, आणि ती त्यांच्याच धंद्यातल्या माणसाला सुचावी अशी होती. त्यांनी कॉलरला लावायची खळ आणली, विसाव्या आणि एकविसाव्या पानाला बोटाने पातळशी फासली, दोन्ही समोरासमोर मिटवून वरून इस्त्री फिरवली. काम नामी झालं. एक सुरकुती नाही. धाकटी म्हणाली, "बाबा, वहीला आता टाय बांधा."

तिच्या चेष्टेत तथ्य होतं. माझी बाकीची पानं मऊ, आणि मधलं ते दुहेरी पान कॉलरसारखं कडक. मला टेबलावर ठेवलं, की मी आपोआप नेमकी तिथेच उघडायची. ज्यांना रोज कपडे कडक करण्याचे पैसे मिळतात त्यांच्याच लक्षात आलं नाही, की कडकपणा उठून दिसतो.

अर्ज मुलीनेच लिहिला. शेवटी एक वाक्य घातलं, 'कृपया वहीचे फक्त पान तीन पाहावे.' माझ्या अल्प कार्यालयीन अनुभवावरून सांगते, 'फक्त' हा शब्द वाचला की कारकुनाचा हात बाकीच्या पानांकडे जातो.

हेडक्लार्क म्हणजे अर्धी बाही, पूर्ण कपाळ आणि चेहऱ्यावर कायम 'उद्या या' असा माणूस. त्याने अर्जावर आवक शिक्का मारला, मला टेबलावर टाकलं, आणि मी करायचं तेच केलं. उघडले.

"ही पानं का चिकटली?" तो स्वतःशीच म्हणाला. फुटपट्टी घातली. खळ ती, डिंक नव्हे. चर्र करून सुटली. त्याने एकविसावं पान वाचलं.

मग तो उठला. माझ्यामागचं कपाट उघडल्याचा आवाज आला. प्रवेशाचं जाड रजिस्टर त्याने माझ्या शेजारी आपटलं, थुंकी लावून पानं उलटली, आणि त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. तिसरा मजला. बोट त्या ओळीवर, डोळे माझ्यावर. पुन्हा बोट, पुन्हा डोळे. दाराशी मुलगी उभी होती, पोच घ्यायला. तिला रजिस्टर दिसत होतं. मला तिच्या चपलांचा आवाजसुद्धा येईना.

"घरून कोण शिकवतं तुला?" त्याने वर न बघता विचारलं.

"बाबा."

"काय करतात?"

मुलीने तिसरा मजला म्हणायची तयारी केली असणार. हा प्रश्न तिने पाठ केलेला नव्हता. "इस्त्री," ती म्हणाली.

हेडक्लार्कने रजिस्टर मिटलं. खणातून ऑफिसचा डिंक काढला, विसाव्या आणि एकविसाव्या पानाला चारी कडांनी लावला, वर रजिस्टरचंच वजन ठेवलं आणि पोच फाडून दिली. "जा वर्गात. घंटा झाली."

त्याने असं का केलं ते कुठे नोंदलेलं नाही. माझ्याकडे आधार म्हणून फक्त डिंक आहे. त्यावरून ज्याला जे ओळखता येईल ते त्याने ओळखावं.

दुपारी बाई आल्या. त्यांनी पान तीन पाहिलं, स्वतःच्याच पेन्सिलीचा कंस पाहिला आणि खुर्चीवर बसल्या.

"छापलेल्या उताऱ्यावर तिचं उत्तर चूक आहे," त्या म्हणाल्या. "मूळ पानावर बरोबर आहे. मी कशावर गुण देऊ?"

"ते तुम्ही लेखी कळवायचं," हेडक्लार्क म्हणाला.

"लेखी कळवलं तर प्रश्न सदोष ठरतो. मग वर्गातल्या सगळ्यांचा तो प्रश्न रद्द होईल, चाळीसऐवजी सदतीसवर बेरीज होईल. किंवा फक्त तिला द्यायचे, मग बाकीचे पालक येतील. आणि ती ओळ मी गाळली हे मुख्याध्यापकांना सांगावं लागेल."

"लागेल."

"तुम्ही काही सुचवा ना."

"मी सुचवायच्या जागेवर नाही, बाई. मी शिक्का मारायच्या जागेवर आहे."

बाईंनी मुलीला बोलावून घेतलं. ती आली. बाईंचा आवाज दुखावलेला होता. "अगं, मी तुझं नाव काढून टाकलं होतं ना? मग तरी अर्ज केलास? आणि जागेचं मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," मुलगी म्हणाली. "प्रश्नपत्रिकेत विचारलंत."

हेडक्लार्कला अचानक टाचण्यांच्या डबीत काहीतरी महत्त्वाचं सापडलं. बाईंनी मला मिटलं, पुन्हा उघडलं, कंसावरून बोट फिरवलं. खोडरबर समोरच होतं. एका घासण्यात कंस गेला असता. मी त्या खोडरबराकडे बघत होते. बाईही बघत होत्या.

त्यांनी ते बाजूला सारलं. "विचार करून लिहून देते," म्हणाल्या आणि गेल्या.

तेव्हापासून मी इथे आहे. रोज घंटा ऐकते. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं होतं, "त्या वहीच्या प्रकरणात सगळी वही बघायला हवी का?" हेडक्लार्क म्हणाला, "अर्जात पान तीन आहे साहेब. बाकी संदर्भाबाहेर." साहेब 'बरं' म्हणाले. पुढच्या वेळी काय म्हणतील सांगता येत नाही. साहेबांना वाचनाची आवड लागू शकते.

माझी विनंती मोठी नाही. मला उघडाल तेव्हा जिथे बोलावलंय तेवढंच वाचा. आणि एखादं मूल पाण्याच्या टाकीपाशी थांबलेलं दिसलं, तर कृपा करून त्यावर प्रश्न काढू नका. जवळ जा आणि विचारा.

बाकी स्थिती खालीलप्रमाणे. भाषेच्या बाईंचा लेखी अभिप्राय अप्राप्त. पहिले स्मरणपत्र दिले. मुख्याध्यापकांचा निर्णय नाही. नियम अकरानुसार निर्णय होईपर्यंत विद्यार्थिनीचा वर्ग बदलता येत नाही. ती सातवीत बसते. अर्ज प्रलंबित.